एका पासवर्डामागचा पत्ता

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मी लग्नपत्रिका टाइप करायचे. दुकान दहा बाय बारा फुटांचं. मालक सिंधी, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून ठेवलेले नमुन्यांचे जाड अल्बम. दुसऱ्या कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एक बाई बसायच्या. पत्रिका हिंदू असो की आमच्या बौद्धांची, खाली एक ओळ ठरलेली असायची, ‘कृपया आहेर आणू नये’. वर्षाला शेकडो वेळा ती ओळ बोटांखालून गेली असेल. शेवटी शेवटी ती मी टाइप करत नव्हते, बोटं करत होती.

आमचा फाँट जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचा होता. कळफलकावर छापलेली अक्षरं इंग्रजी, पण बोटं मराठी चालायची. फाँट बदलला की पडद्यावर तोच मराठी मजकूर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम होऊन भलतंच काहीतरी दिसायचं. त्यात वाचण्यासारखं काही नसायचं. पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे, म्हणून हे आधी सांगते.

तेव्हा लोकांना नेटवरच्या एका साइटवर एकमेकांच्या ‘स्क्रॅपबुक’मध्ये लिहायचं वेड लागलं होतं. शेठनाही कुणीतरी सांगितलं की आता धंदा तिथे आहे. झालं, दुकानाचं एक पान, नमुन्यांच्या फोटोंचं एक, लग्नाच्या हॉलवाल्यांचा एक ग्रुप, एक ब्लॉग, दोन मेल आयडी, असं सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्यात विहाराच्या मंडळाचा मेल ग्रुपही मीच बघायचे. एवढे पासवर्ड डोक्यात कसे राहणार? कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट सीडी यायची. तीत पासवर्ड सांभाळणारा एक प्रोग्रॅम मिळाला. सगळे पासवर्ड त्याच्या एका फाइलमध्ये ठेवायचे आणि त्या फाइलला एकच मोठा पासवर्ड द्यायचा, तो मास्टर पासवर्ड. बाकीचे पासवर्ड प्रोग्रॅम स्वतः बनवून देतो, वीस-वीस अक्षरांचे, माणसाला पाठ होणं शक्यच नाही असे. मासिकात लिहिलं होतं, मास्टर पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवण्याचा मार्ग नाही, कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा. मी हसले होते. माझ्या बोटांत असलेली ओळ मी कागदावर कशाला लिहू?

मास्टर पासवर्ड ठेवला ‘कृपया आहेर आणू नये’. चौकटीत फक्त ठिपके दिसायचे. त्या ठिपक्यांमागे कोणती इंग्रजी अक्षरं आहेत हे मला कधीच माहीत नव्हतं. मला ते फार हुशारीचं वाटायचं.

त्या फाइलमध्ये दुकानाच्या खात्यांबरोबर आणखी एक खातं होतं, आणि ते दुकानाचं नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीने आदल्या वर्षी पळून जाऊन लग्न केलं होतं. मुलगा उल्हासनगरचाच, सिंधी. बाबांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. मुलाच्या घरच्यांनी तर माणसं पाठवून शोध चालवला. सुरुवातीला तिने एकदा बूथवरून बाबांच्या मोबाइलवर फोन केला होता, रडत, माफी मागायला. बाबांनी रागाच्या भरात तो नंबर नेऊन मुलाच्या भावाला दिला. चार दिवसांत दोन माणसं त्या गावातल्या त्या बूथवर हजर. बहीण आणि तिचा नवरा रातोरात निघाले म्हणून वाचले. त्यानंतर घरी फोन नाही, पत्र नाही. बाबांना पुढे पश्चात्ताप झाला असेल, पण त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मग मी तिच्याशी बोलायला त्या साइटवर खोट्या नावाचं एक खातं उघडलं. तिने एका फुलाचं नाव घेतलं, मी दुसऱ्या फुलाचं. एकदा तिने माझ्या मैत्रिणीच्या घरी फोन केला, तेव्हा तिला सगळे नियम सांगितले. मला नियम करायला आवडतात, हा माझा स्वभावच आहे. “बोलायचं फक्त माझ्या या खात्याशी. दुसऱ्या कुठल्याही नावाने कोणी लिहिलं की मी तुझी ताई, तर लगेच ब्लॉक कर. घरातल्या गोष्टी सांगितल्या तरी विश्वास ठेवू नकोस, घरातल्या गोष्टी घरच्यांना माहीत असतातच. आणि शंका आली की जागा बदल.”

“ताई, तू पोलिसात भरती का नाही झालीस गं?” ती हसून म्हणाली होती.

त्या खात्यासाठी मेल आयडीही वेगळा काढला, म्हणजे कुठूनही माझ्यापर्यंत धागा पोचायला नको. मेलवाल्यांनी विचारलं, विसरलात तर ओळख पटवायला तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? शाळेचं नाव बाबांनाही माहीत होतं. म्हणून उत्तराच्या जागी नुसती बोटं फिरवली आणि जे उमटलं ते प्रोग्रॅममध्ये चिकटवून ठेवलं. थोडक्यात, घराच्या सगळ्या किल्ल्या मी एकाच कपाटात ठेवल्या आणि कपाटाची किल्ली बोटांत.

पावसाळ्यानंतर तिचा निरोप आला. सातवा महिना लागला होता. ‘इथे कोणी नाही. आईला पाठवशील? नवी खोली बघितलीय, राहायला गेलो की पुढच्या आठवड्यात पत्ता पाठवते.’ मी तो आईला वाचून दाखवला, बाबा कारखान्यातून यायच्या आत. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर आईने जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या बाई काम करता करता मला म्हणाल्या, “काय गं, सकाळ-संध्याकाळ एकदा ‘आहेर आणू नये’ काय टाइप करतेस? कुठली पत्रिका आहे एवढी?”

त्यांनी पडदा बघितला नव्हता. नुसत्या कळांच्या आवाजावरून ओळखलं होतं. आमच्या धंद्यातली कुठलीही बाई ती ओळ ओळखेल, कारण प्रत्येकीच्या बोटांत तीच ओळ. त्या बाई बहिणीच्या नवऱ्याच्या काकूंच्या शेजारी राहायच्या. आता वाटतं, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी घाबरले. त्या जेवायला गेल्या तेवढ्यात मास्टर पासवर्ड बदलून टाकला. समोर स्टँडवर एका पत्रिकेचा मजकूर लावलेला होता, त्यातलीच एक ओळ घातली. दोनदा टाइप करून खात्री केली. दोन-तीन दिवस त्याच ओळीने फाइल उघडली. कागदावर लिहिली नाही. मला वाटलं, बसेल की बोटांत, ती आधीची ओळ नाही का बसली?

चौथ्या दिवशी आम्ही राहायचो त्या कात्रपला, बिल्डिंगच्या जिन्यात मी पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

पहिला आठवडा नुसता कण्हण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात आई रोज एकच विचारायला लागली, पत्ता आला असेल का गं? मी पेनड्राइव्ह घेऊन कात्रपच्या सायबर कॅफेत गेले. प्रोग्रॅम आणि पासवर्डची फाइल पेनड्राइव्हवरच होती. मासिकात लिहिलं होतं, परक्या कॉम्प्युटरवर मास्टर पासवर्ड टाइप करू नका. पण आता मासिकाचं ऐकायची वेळ नव्हती. डावा हात कळफलकावर ठेवला आणि तशीच बसले.

ओळ कोणती होती?

पत्रिकेतली होती एवढंच आठवत होतं. खालच्या भागातली, मुलांच्या नावाने छापतात तशी लाडिक. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’? की मावशीच्या? ‘नक्की यायचं’? मी एका हाताने, एकेक कळ शोधत, चार-पाच ओळी घातल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, की चुकीची आहे. कॅफेवाल्याने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो दुसरीकडे बघत होता. घरी आल्यावर आईला म्हटलं, नेट बंद होतं. मी आईशी खोटं बोलायला तिथून सुरुवात केली.

प्लास्टर निघाल्यावर दुकानात गेले. म्हटलं, माझा कॉम्प्युटर, माझी खुर्ची, बोटांना आपोआप आठवेल. खुर्चीसमोर नवा काळा कॉम्प्युटर होता.

“बेटी, पुराना डब्बा रोज हँग होत होता,” शेठ म्हणाले. “एक्सचेंजमधे देऊन टाकला. बघ, किती फास्ट आहे.”

जुन्यावर दोन गोष्टी होत्या. एक, त्या आठवड्यातल्या पत्रिकांच्या फाइल्स, ज्यात ती ओळ होती. दुसरी, माझ्या पासवर्डच्या फाइलची जुनी नक्कल. मास्टर बदलायच्या कितीतरी आधी केलेली, म्हणजे ती अजून ‘आहेर आणू नये’ने उघडली असती, आणि बहिणीसाठीच्या खात्याचा पासवर्ड तेव्हापासून तोच होता. मी शेठच्या मागे लागून एक्सचेंजवाल्या दुकानदाराचा पत्ता घेतला. त्याने कॉम्प्युटर पुसून, नवीन विंडोज घालून विकायला ठेवला होता. हार्ड डिस्कवरून काही परत मिळतं का म्हणून त्याने एक प्रोग्रॅम चालवून बघितला. कुणाकुणाच्या बारशाचे अर्धवट फोटो निघाले. माझी फाइल निघाली नाही.

त्यानेच अंबरनाथ पूर्वेच्या एका माणसाचं नाव सांगितलं, डेटा काढून देतो म्हणून. मी तिथे गेले. माणूस शांत होता. पेनड्राइव्ह लावून त्याने फाइल बघितली आणि खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, फाइल चांगली आहे, काही बिघडलेलं नाही. पण हे मी तोडू शकत नाही. ज्यांनी बनवलंय त्यांच्याकडेसुद्धा किल्ली नसते. तुमचा पासवर्ड कुठे साठवलेलाच नसतो.”

“मग काय करायचं माणसाने?”

“पहिलं म्हणजे ही फाइल पुसू नका. आठवलं की उघडेल, वर्षाने आठवलं तरी. दोन-तीन ठिकाणी कॉपी ठेवा. आठवतील त्या ओळी वहीत लिहून एकेक करून घाला, म्हणजे तीच ती परत होणार नाही. कॅप्स लॉक बघा, स्पेस दिली होती का, शेवटी टिंब होतं का, सगळं बघा. आणि तोवर एकेक साइटवर जाऊन ‘पासवर्ड विसरलात का’ दाबा. मेलवर लिंक येईल, नवा पासवर्ड करा. नवी फाइल बनवा आणि या वेळेला मास्टर कागदावर लिहून कपाटात ठेवा.” मग पेनड्राइव्ह परत देत म्हणाला, “मेल उघडतो ना पण तुमचा?”

त्याच्या सांगण्यात काही चूक नव्हती. दुकानाच्या मेलला अडचणीसाठी दिलेला दुसरा आयडी शेठच्या पुतण्याचा होता, त्याच्याकडे लिंक आली आणि मेल सुटला. मेल सुटल्यावर दुकानाचं पान सुटलं, फोटो सुटले, ग्रुप सुटला, ब्लॉग सुटला. दोन दुपारींत सगळं हातात आलं. शेठ खूश. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष तर म्हणाले, “पोरगी हुशार आहे.” ज्याची कुणाला काडीची गरज नव्हती ते सगळं परत मिळालं.

बहिणीसाठीच्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलात का’ दाबलं तर लिंक त्या खोट्या मेलवर गेली. मेलचा पासवर्ड वीस अक्षरांचा, फाइलमध्ये. मेलने विचारलं, तुमची पहिली शाळा? मी शाळेचं नाव घातलं, अर्थातच चूक. खरं उत्तर होतं मी फिरवलेली बोटं, तेही फाइलमध्ये. चार वेळा चुकल्यावर त्याने दिवसभर दार लावून घेतलं. साइटवाल्यांना इंग्रजीत तीन अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. त्यांना तरी मी काय पुरावा देणार होते? नाव खोटं, फोटो फुलाचा, जन्मतारीख बनवलेली. मी मी आहे हे जगात फक्त एकच फाइल सांगू शकत होती.

तोवर आठवा संपून नववा लागला होता. आईने पिशवी भरून माळ्यावर ठेवली होती. चार दुपटी, डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतकाढ्याची पुडी, एक सुती साडी. बाबा विचारतील म्हणून वर चादर टाकली होती. लाडू खवट होतील म्हणून दर पंधरा दिवसांनी ती ते काढून आम्हाला खायला घालायची आणि नवे करायची. बाबा एकदा म्हणाले, “हल्ली लाडू फार होतात घरात.”

मी वही केली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ओळी घालायचे. मामा, मावशी, काका, आत्या, दादा, ताई. यायचं, यायचंच, या बरं का. शेजारच्या बाई बघत असायच्या. त्या काही विचारायच्या नाहीत आणि त्यांचं ते न विचारणं मला जास्त टोचायचं. दोनशेच्या वर ओळी झाल्यावर वही मिटली, आणि मग मी ते केलं जे मी तिला सांगून ठेवलं होतं की कोणी करेल.

नवं खातं उघडलं. तिच्या फुलाच्या नावाची पाच-सहा खाती होती, त्यातलं तिचं ओळखलं, आणि लिहिलं, ‘मी ताई. पासवर्ड गेला. पत्ता या खात्यावर पाठव, आई तयार बसलीय.’ ओळख पटावी म्हणून लहानपणी आम्ही दोघींनी बाबांचं घड्याळ पाण्यात टाकलं होतं ते लिहिलं, तिला आई कोणत्या नावाने झोपवायची ते लिहिलं. पाठवलं आणि त्याच क्षणी कळलं की मी काय लिहिलंय. घरातल्या गोष्टी घरच्यांना माहीत असतातच. दुसऱ्या दिवशी तिचं पान मला दिसेना. तिने ब्लॉक केलं होतं.

मला तिचा राग आला. इतका की दुकानात मी एका गिऱ्हाइकावर उगाच ओरडले. इतकी शहाणी कधीपासून झाली ही? शाळेत साधी चिठ्ठी लपवता यायची नाही हिला. मग घरी जाताना वाटलं, शहाणी तिला मीच केली. पुढच्या आठवड्यात आणखी एका नावाने लिहिलं. तेही ब्लॉक. त्यानंतर काही केलं नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नववा महिना संपला. आई बोटं मोजायची.

उन्हाळ्यात लग्नाचा मोसम आला. एक दिवस एक गृहस्थ दुकानात आले. पावसाळ्यानंतर त्यांनी भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली होती. घरात मयत झालं म्हणून लग्न पुढे ढकललं, पत्रिका छापलीच नाही. आता नवी तारीख धरली होती. “तुमच्याकडे असेलच कॉम्प्युटरमध्ये,” ते म्हणाले. नव्हतं. ते जुन्या डब्याबरोबर गेलं होतं. मग त्यांनी खिशातून घडी पडलेला प्रूफचा कागद काढला. मी तो स्टँडवर लावला आणि टाइप करायला लागले. नावं, पत्ते, मुहूर्त, कार्यस्थळ. अगदी खाली आले.

‘आमचे काका नवरदेव होणार, तुम्ही बघायला येणार ना?’

बोटं थांबली नाहीत. ती ओळ त्यांनी माझ्या आधी ओळखली. मामा नाही, मावशी नाही, यायचं नाही की नक्की नाही. माझ्या दोनशे ओळींपैकी एकही तिच्या जवळपास नव्हती. मी त्या गृहस्थांना म्हटलं, “दोन मिनिटं बसा,” आणि पेनड्राइव्ह लावला.

फाइल उघडली.

त्या खात्याचा पासवर्ड उचलला, साइटवर घातला. तीन निरोप होते. पाठवणारीचं फूल गेलं होतं, त्या जागी साइटचा करडा चौकोन होता.

पहिल्यात पत्ता होता. गल्ली, पिठाच्या गिरणीच्या मागे, घरमालकाचं नाव, आईने कुठे उतरायचं ते.

दुसऱ्यात होतं, ‘मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई अजून का आली नाही? बाबांनी अडवलं का?’

तिसरा होता माझ्या दुसऱ्या नव्या खात्यानंतरचा. ‘ताई, कोणीतरी तुझं नाव सांगून दोनदा लिहिलं. त्याला घड्याळाचं माहीत आहे, आई मला काय म्हणायची तेसुद्धा. म्हणजे घरी सगळं कळलंय, आज ना उद्या तुझा पासवर्डही त्यांच्या हाती लागेल. तू सांगितलं होतंस तसं लगेच ब्लॉक केलं. आज खोली सोडतोय आणि हे खातंही बंद करते. तू काळजी करू नकोस. मी फसले नाही.’

गृहस्थांची पत्रिका मी पूर्ण केली. शेठना सांगून लवकर निघाले.

घरी आई भाजी निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिने ताट खाली ठेवलं. “पत्ता मिळाला?”

“मिळाला,” मी म्हटलं.

मी लिहून आणलेला कागद काढला आणि तिला पहिला निरोप वाचून दाखवला. मग दुसरा. मुलगी झाली ऐकल्यावर ती रडली आणि हसली, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, दुपटी आता लहान होतील, फ्रॉक घ्यायला पाहिजे. तिसरा निरोप मी लिहून आणलाच नव्हता. आईने स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी खाली घेतली, वरची चादर झटकून घडी केली आणि विचारलं, “उद्याची गाडी कितीची आहे गं?”